खाडीच्या चिखलाचं माप

आम्ही खाडीकाठच्या बारा जणी. कुर्ल्या, कालवं आणि तिसऱ्यांवर आमची घरं चालतात. मागच्या खेपेला आम्ही कुर्ल्यांच्या पिंजऱ्यांबद्दल बोललो होतो, तेव्हा पुष्कळ जणींनी विचारलं होतं, की तुमच्याकडे तो कार्बनचा कागद घेऊन माणूस आला होता, त्याचं पुढे काय झालं? आज तेच सांगतो.

झालं असं, की गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. बोलायला चांगले होते, चहा घेतला, खाडीत उतरले, चिखल नळीत घालून घेऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले ते छापील कागद घेऊन. तुमच्या कांदळवनाच्या एका हेक्टरखाली, म्हणजे अडीच एकरांखाली, १७६० टन कार्बन डायऑक्साईड साठलेला आहे, म्हणाले. तीस वर्षांचा करार करायचा, गटाने राखण करायची आणि विक्रीतला वाटा गटाला मिळणार. त्यात एक कलम होतं: पुढच्या तपासणीत आकडा कमी भरला, तर गटाचा वाटा त्या प्रमाणात कमी. त्या कलमाशी आमचं बोट अडलं. आकडा त्यांचा आणि तूट मात्र आमची, हे कसं?

आमच्यातली एक काकी म्हणाली, "भात घेताना आपण माप बघतो, मग चिखल विकताना का नको?" म्हणून आम्ही सह्या थांबवल्या, आणि जवळच्या कॉलेजात समुद्रशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना गाठलं. त्यांनी वनखात्याची लेखी परवानगी काढली. कांदळवनातून चिखलसुद्धा असाच उचलून नेता येत नाही, हे लक्षात ठेवा. मग आम्ही त्यांच्याबरोबर खाडीत उतरलो.

आधी हे समजून घेऊ, की चिखलात कार्बन राहतो कसा. आपण कंपोस्टच्या खड्ड्यात पालापाचोळा टाकतो. हवा लागली की जंतू तो खातात, आणि त्यातला बराचसा कार्बन हवेत निघून जातो. म्हणून तर भरलेला खड्डा बसतो. खाडीत उलट होतं. तिवराची, कांदळाची, चिपीची पानं आणि मुळं चिखलात गाडली जातात, वर भरतीचा गाळ बसतो. वरच्या थोड्या जागेखाली हवाच पोचत नाही. तिथे कुजणं फार मंद. चिखल काळा असतो आणि पाय घातला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच बिनहवेच्या कुजण्याचा. आमची मुलं नाक धरतात, पण तो वास आला म्हणजे खाली साठा टिकतो आहे असं समजावं. हाच चिखल कोणी खणून बांधावर टाकला, की त्याला हवा लागते आणि शेकडो वर्षांचा साठा परत हवेत जाऊ लागतो. समुद्राकाठी असा साठणाऱ्या कार्बनला ब्लू कार्बन, निळा कार्बन म्हणतात.

आता माप. आम्ही अष्टमीचा दिवस धरला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्याकडे सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते, काम करायला उजेड मिळत नाही. अष्टमीच्या भांगाला सुकती दुपारच्या सुमारास येते, आणि भरतीचं पाणी कांदळाच्या आतल्या भागात फारसं चढत नाही. म्हणजे निवांत दोन-तीन तास हातात असतात.

मॅडमकडे प्लॅस्टिकची जाड नळी होती. लांबी १५० सेंटीमीटर, आतून तोंड ५ सेंटीमीटर रुंद, खालची कड घासून धार केलेली. ती सरळ उभी धरून लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकत आत घातली. पहिली नळी वाया गेली. मध्येच एक जाड मूळ आडवं आलं, नळीचं तोंड बंद झालं आणि पुढे नळी नुसती चिखल ढकलत खाली गेली. हे कळतं कसं, तर नळी खाली जाते पण आतला चिखल वर चढत नाही. तसं झालं की ती नळी काढून टाकायची आणि हातभर बाजूला पुन्हा सुरुवात करायची. मूळ चुकवावं, कारण जिवंत मुळं झाडाच्या हिशेबात येतात. ती चिखलातही मोजली तर एकच भात दोनदा मोजल्यासारखं होतं.

दुसरी नळी नीट गेली. आणि इथे मॅडमनी असं काही केलं, जे त्या गृहस्थांनी केलेलं आम्हाला आठवत नव्हतं. नळी बाहेर काढण्याआधी त्यांनी दोन मापं घेतली. बाहेरच्या बाजूने, चिखलापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंत: ५० सेंटीमीटर. म्हणजे १५० ची नळी १०० सेंटीमीटर आत गेली. मग दोरीला वजन बांधून नळीच्या आत सोडलं. आतला चिखल वरच्या टोकापासून ७० सेंटीमीटर खाली होता. म्हणजे नळीत चिखल फक्त ८० सेंटीमीटर.

शंभर सेंटीमीटर जमिनीचा चिखल नळीत ऐंशीत कसा मावला? ठोकताना दाबला गेला. आपल्या घरी पायलीत भात सैल भरलं तर एक माप, हलवून-दाबून भरलं तर दुसरं. दाबलेल्या पायलीचं वजन जास्त भरतं, पण भात तेवढंच असतं. चिखलाचंही तसंच. नळीतला प्रत्येक तुकडा जमिनीत असतो त्यापेक्षा घट्ट असतो. म्हणून त्याचा घट्टपणा ८० टक्क्यांनी गुणून खरा करायचा. ही दोन मापं नसतील तर पुढचा सगळा हिशेब जड पायलीचा होतो.

मग नळीचं तोंड झाकणाने बंद केलं (नाहीतर हवा शिरते आणि चिखल खालून घसरतो) आणि सावकाश ओढून काढली. किनाऱ्यावर आणून चिखलाचा गोल लांबट कांब ताटावर सरकवला आणि ५-५ सेंटीमीटरचे तुकडे पाडले. वरचं टोक कोणतं ते आधी नळीवर खडूने लिहिलेलं होतं. आमचा एक घोळ सांगतो: पहिल्या दिवशी आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या पिशवीत आत टाकल्या. घरी येईपर्यंत शाई विरघळली आणि कोणता तुकडा वरचा, कोणता खालचा, ते कळेना. तो सगळा नमुना फुकट गेला. आता पिशवीवर बाहेरून, पक्क्या शाईच्या पेनने लिहितो, आणि पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवतो. उन्हात ठेवल्या तर जंतू कामाला लागतात आणि मोजायच्या आतच कार्बन कमी होतो.

मॅडमच्या प्रयोगशाळेत आमच्यातल्या चौघी गेलो. तिथे पहिलं काम वाळवणं. ६० अंशांच्या भट्टीत तुकडा ठेवायचा, वजन करायचं, पुन्हा ठेवायचा, पुन्हा वजन. वजन घटायचं थांबलं की वाळला. आम्ही म्हटलं, गच्चीवर ऊन काय कमी आहे? मॅडम हसल्या. उन्हाने ओल पूर्ण जात नाही, आणि राहिलेलं पाणी चिखलाच्या वजनात मोजलं जातं. आमच्या गच्चीवर कोंबड्याही फिरतात, ती गोष्ट वेगळी.

आता आकडे. समजायला सोपं जावं म्हणून थोडे गोल करून सांगतो. वरचा एक तुकडा ९८ घन सेंटीमीटरचा. वाळल्यावर वजन भरलं ५९ ग्रॅम. ५९ ला ९८ ने भागलं तर एका घन सेंटीमीटरमध्ये ०.६० ग्रॅम कोरडा गाळ. ही दाबलेली पायली. ८० टक्क्यांनी गुणलं तर जमिनीतला खरा आकडा ०.४८.

मग जाळणं. त्या कोरड्या गाळातला ५ ग्रॅम घेऊन बारीक केला आणि ४५० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवला. पान-मुळांचा कुजका भाग जळून जातो आणि माती राहते. बाहेर काढल्यावर ४.६० ग्रॅम उरला. म्हणजे ०.४० ग्रॅम जळाला, ८ टक्के.

त्या गृहस्थांच्या कागदावर आम्ही पुन्हा नजर टाकली. तिथेही ०.६० आणि ८ हेच आकडे होते. म्हणजे त्यांनी खोटं मोजलं नव्हतं, याचं आम्हाला नवल वाटलं. पण तिथे लिहिलं होतं "कार्बन ८ टक्के". मॅडम म्हणाल्या, जळाला तो सगळा कार्बन नाही. पानामुळांत पाण्याचे घटक असतात, प्राणवायू असतो, बाकी काही असतं; जळलेल्या भागात कार्बन साधारण ४० टक्के धरतात. नेमकं हवं असेल तर काही नमुने कार्बन मोजण्याच्या यंत्रात घालून आपल्याच खाडीसाठी हे प्रमाण ठरवायचं. शिवाय चिकणमातीत अडकलेलं थोडं पाणीही भट्टीत उडतं आणि जळलेल्यात मोजलं जातं. म्हणून जाळण्याचा आकडा थोडा फुगीरच असतो. तर ८ टक्क्यांचे ४० टक्के म्हणजे ३.२ टक्के कार्बन.

दुसरी गोष्ट आम्ही सगळ्याजणी नळी पाहूनच ओळखली होती. वरचा चिखल काळा, मऊ, मुळांच्या तंतूंनी भरलेला. अर्ध्यापासून खाली रंग करडा, हाताला जड, मध्ये वाळूचे कण आणि तिसरीच्या फुटक्या शिंपल्या. पूर्वी तिथे कांदळ नसावा, उघडी खाडी असावी, असं आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आजीही म्हणते. खालच्या अर्ध्याचा खरा घट्टपणा ०.७० निघाला, आणि जाळल्यावर ५ ग्रॅममधला फक्त ०.१५ ग्रॅम गेला, म्हणजे ३ टक्के. त्याचे ४० टक्के म्हणजे १.२ टक्के कार्बन. वरच्याच्या निम्म्याहून कमी. कागदावर मात्र वरचाच आकडा पूर्ण एक मीटरला लावला होता. वरची साय बघून सगळं भांडं सायीचं म्हटल्यासारखं.

शिंपल्यांचंही सांगतो, कारण आमच्या घरातला तो माल. शिंपलीतही कार्बन असतो, पण तो चुन्यातला. पानं-मुळं गाडून साठलेला कार्बन वेगळा, त्याचा हिशेब करायचा असतो. ४५० अंशांत चुना जळत नाही, म्हणून जाळण्याच्या रीतीत शिंपल्या फार गोंधळ घालत नाहीत. पण यंत्राने मोजताना आधी आम्लाने चुना काढून टाकला नाही, तर यंत्र शिंपलीचा कार्बनही मोजतं आणि आकडा वाढतो.

आता बेरीज. वरचे ५० सेंटीमीटर, घट्टपणा ०.४८, कार्बन ३.२ टक्के: गुणाकार ०.७६८ ग्रॅम. म्हणजे एका चौरस सेंटीमीटर जागेखाली इतका कार्बन. खालचे ५० सेंटीमीटर, ०.७० आणि १.२ टक्के: ०.४२ ग्रॅम. मिळून सुमारे १.१९ ग्रॅम. एका हेक्टरात दहा कोटी चौरस सेंटीमीटर असतात, म्हणून एक चौरस सेंटीमीटरमागे एक ग्रॅम म्हणजे हेक्टरी १०० टन. आमचा आकडा हेक्टरी ११९ टन कार्बन. बाजारात कार्बन डायऑक्साईडच्या भाषेत बोलतात, त्यासाठी ३.६७ ने गुणायचं, कारण १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम वायू होतो. उत्तर येतं सुमारे ४३७ टन.

आणि कागदावरचे १७६०? पाटीवर मांडून बघितलं. ०.६० गुणिले ८ टक्के गुणिले १०० सेंटीमीटर, ४.८ ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ४८० टन कार्बन. त्याला ३.६७ ने गुणलं की १७६०. जळालेलं सगळं कार्बन धरलं, दाबलेली पायली सैल समजली आणि वरची साय तळापर्यंत धरली. तीन चुकांनी आकडा चौपट झाला. यांतली पहिली चूक सर्वांत मोठी: ती एकटी दुरुस्त केली तरी ४८० चे १९२ होतात. दुसरी केली की १५४. तिसरी केली की ११९.

हे कोणाच्या लक्षात का आलं नाही, त्याचंही कारण आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०१३ साली पाणथळ जागांच्या हिशेबासाठी पुस्तिका काढली. ज्यांच्याकडे स्वतःचं माप नाही त्यांनी कांदळवनाच्या मातीसाठी हेक्टरी ३८६ टन कार्बन धरावा, असं त्यात दिलं आहे. ४८० हा आकडा त्याच्या पुढे असला तरी अविश्वसनीय वाटत नाही. जगात कुठे चिखल मीटरभर नुसत्या मुळांचा असतो, कुठे वाळूचा. जगाची सरासरी आपल्या खाडीचं माप नव्हे.

आमचे ११९ सुद्धा पूर्ण खाडीचं माप नाहीत, हेही सांगायला हवं. ते एका नळीचं माप आहे. मॅडमनी मग पाण्याच्या कडेपासून गावाच्या बांधापर्यंत एक सरळ रेषा आखून आणखी दोन नळ्या काढायला लावल्या. पाण्याकडची, वाळूची, ७० टनांची भरली. बांधाकडची, दाट जुन्या तिवराखालची, १५० ची. तिघींची सरासरी ११३, पण ७० ते १५० इतका फरक असताना सरासरी एकटी सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. नळ्या वाढवल्या तर सरासरीवर भरवसा वाढतो. कोणी एकाच नळीवर हेक्टराचा आकडा सांगत असेल, तर विचारा, बाकीच्या नळ्या कुठे आहेत?

समुद्री गवताबद्दल थोडं बोलतो. पाण्याखाली जमिनीत मुळं धरणारं हे गवत तामिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात मोठ्या पट्ट्यांनी आहे. समुद्री गाय, म्हणजे डुगाँग, तेच खाते. तिच्यासाठी तिथे २०२२ साली राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथलं माप याच रीतीने होतं, पण पाण्यात बुडून. नळी वर काढायच्या आधी पाण्यातच दोन्ही तोंडांना झाकण लावायचं आणि पूर्ण वेळ उभीच धरायची; आडवी झाली की वरचा सैल गाळ ढवळून जातो, आणि कार्बन जास्त असतो तो बहुधा तिथेच. गवताखालचा तळ वाळूचा आणि शिंपल्यांचा असतो, त्यामुळे चुन्याची चूक तिथे अधिक महाग पडते. त्याच पुस्तिकेत समुद्री गवतासाठी हेक्टरी १०८ टन धरले आहेत.

आता कागदाकडे परत. ४३७ टन तरी विकता येतील का? इथे आम्हाला सगळ्यात मोठा धक्का बसला. साठा आणि विकण्याजोगा कार्बन या दोन गोष्टी आहेत. जुन्या पेटीतले दागिने आणि महिन्याची मिळकत वेगळी, तसं. तो चिखल शेकडो वर्षं साठला आहे. पैसे मिळतात ते तुमच्या कामामुळे दरवर्षी जी नवी भर पडली, किंवा जी तूट तुम्ही थांबवली, तिच्यासाठी. जगभरच्या अभ्यासांत कांदळवनाच्या चिखलात वर्षाला हेक्टरी साधारण दीड-दोन टन कार्बनची भर पडते. म्हणजे साडेपाच ते सात टन कार्बन डायऑक्साईड. कुठे १७६०, कुठे सात.

आणि तूट थांबवली म्हणावं, तर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच राज्यात कांदळतोडीवर बंदी घातली आहे, आणि सरकारी जागेवरची कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात आली आहेत. जे कायद्याने आधीच राखलेलं आहे, ते आम्ही राखलं म्हणून विकणं कठीण. आणि जागाच आमच्या नावावर नाही, तर आम्ही विकणार काय? नाही म्हणायला केनियात गाझीच्या खाडीतल्या गावांनी ११७ हेक्टर कांदळवनावर असा प्रकल्प चालवला आहे. वर्षाला सुमारे ३००० टन कार्बन डायऑक्साईड विकून पाणी आणि शाळांवर खर्च करतात. पण तिथे गावाला जंगल सांभाळायचा सरकारशी लेखी करार आहे. आमच्याकडे तसा कागद नव्हता. ज्याच्याकडे सह्या मागायला आले, त्याच्याकडे हक्क नव्हता.

ते गृहस्थ परत आले तेव्हा आम्ही पाटी पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, थोडा वेळ गप्प बसले. ८ टक्क्यांचं त्यांनी मान्य केलं. हिशेब वरून तयार होऊन आला होता, म्हणाले. दोरीच्या मापाबद्दल त्यांना खरंच माहीत नव्हतं असं आम्हाला वाटलं. सुधारून आणतो म्हणाले. आले तर येतील. आम्ही काही सही केलेली नाही, आणि आधी वनखात्याशी सह-व्यवस्थापनाचं बोलणं सुरू केलं आहे.

मध्ये मॅडमनी तिन्ही नळ्यांच्या जागी जमिनीशी सपाट पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून ठेवला आहे. वर्षभराने तिथे सुरीने छोटा चौकोन कापायचा आणि पांढऱ्यावर किती मिलिमीटर चिखल चढला ते मोजायचं. म्हणजे पेटीचं नाही, महिन्याच्या मिळकतीचं माप. ते येत्या पौषातल्या अष्टमीला घ्यायचं आहे. जवळच्या गटांतल्या ज्यांना बघायला यायचं असेल त्यांनी जुनी साडी किंवा पँट घाला, पायांत घट्ट बसणारे बूट घाला, चपला चिखल गिळतो. आणि मोजपट्टी आपापली आणा, आमच्याकडे एकच आहे.